काठी बसते का?

जुलै 2022. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वाडीच्या फाट्याला एसटीचा निवारा आहे. तीन भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचा बाक. मी भूवैज्ञानिक आहे. त्या आठवड्यात दरडीचा धोका असलेल्या वाड्या बघत फिरत होते. वर जायची पायवाट त्या फाट्यावरूनच सुटायची, पण पाऊस असा कोसळायला लागला की समोरचा डोंगरच दिसेनासा झाला. जीप पुढच्या मोरीपाशी पाणी किती आहे ते बघायला गेली आणि मी निवाऱ्यात थांबले.

आत एक बाई आधीच बसली होती. साठीच्या आसपासची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांना लावणीचा चिखल. इरलं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या होकायंत्राकडे, मग बाहेर. बराच वेळ कुणीच बोललं नाही. पत्र्यावरच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागलं असतं.

पाऊस जरा उतरल्यावर तिने विचारलं, "मोजायला आलाव?"

"बघायला आलेय," मी म्हटलं.

ती मान हलवून गप्प झाली. "मोजणी" या शब्दाचा तिथे काय अर्थ होतो, ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी, 22 जुलै 2021 ला, शेजारच्या महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेलं. त्याच दिवशी वर महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हापासून आमच्यासारखं कुणी वाडीवर गेलं की दोनच गोष्टी घडतात. काहींना वाटतं, आता घर सोडायला लावणार, खाचरं इथे आणि आपण कुठेतरी लांब. बाकीचे तोंडावर एवढंच विचारतात, "काय होत नाय ना?"

या दुसऱ्या प्रश्नाला मी फार जपून असते. एका वाडीत निघता निघता मी "आत्ता तरी ठीक दिसतंय" म्हणाले होते. त्यानंतर चार दिवस पाऊस थांबला नाही. "मॅडम बोलल्या ठीक हाय" म्हणून एक कुटुंब शाळेत झोपायला गेलं नाही. रात्री मागची माती सुटली. गोठा गेला, माणसं वाचली. ते "ठीक" मी अजून विसरलेले नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मावशी, वाडीत पाणी कुठलं पिता?"

"झऱ्याचं."

"चांगलं येतंय?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. लुगड्याचा पदर पिळला, झटकला. "बारा महिने नितळ असायचा. चार दिसांमागं लाल झाला."

"आणि आता?"

"आता बंद हाय."

भर जुलैत, एवढ्या पावसात, झरा बंद.

आमच्या कामात याहून वाईट खबर क्वचितच मिळते. या डोंगरांवर खाली घट्ट कातळ आणि वर त्याच्यापासूनच झिजून झालेल्या मातीचा थर असतो. पाऊस मातीतून मुरत कातळापर्यंत जातो आणि त्या सांध्यावरून उताराकडे वाहतो. जिथे वाट मिळते तिथे झरा फुटतो. पाणी लाल झालं याचा अर्थ ते आतली माती खरवडून आणतंय. मग झराच थांबला, तर वाट बुजली असू शकते. पाणी तर वरून येतच असतं. ते आत साठत जातं, मातीला आतून रेटतं, आणि कातळावरची तिची पकड सुटत जाते.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "घरांच्या मागे जमिनीला भेग दिसलीय कुठे?"

"शेजारणीचं दार लागत नाय," ती म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात अडकतं. ती बोलते लाकूड फुगलं."

"फुगतं पावसात. पण ते दरवर्षी फुगत असेल ना?"

"नाय," ती म्हणाली. आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून, "औंदाच."

पाऊस रिमझिमीवर आल्यावर आम्ही दोघी वर चढलो. ज्या घरापाशी ती थांबली, तिथे दार अर्धंच लागलेलं होतं. तिने चपला काढल्या, आत जाऊन मला पाण्याचा तांब्या दिला. शेजारीण वगैरे कुणी नव्हती. मीही काही बोलले नाही.

घराच्या मागे पन्नासेक पावलं वर भेग होती. चंद्रकोरीसारखी वाकलेली, टोकं उताराकडे. मी टेप लावली: लांबी 14 मीटर, रुंदी 4 सेंटीमीटर, आणि खालच्या बाजूची जमीन वीतभर खचलेली. जमीन वाळून तडकते तेव्हा भेगा जाळीसारख्या पडतात, एका पातळीत. ही एकच होती, कोरीसारखी होती आणि तिची खालची बाजू उतरलेली होती. त्यावरचं ऐनाचं झाड खालच्या अंगाला कललं होतं आणि बुंध्याशी माती ताजी उकललेली होती.

एवढ्यावरून दरड येणार हे कळतं का? नाही. आज की पुढच्या वर्षी, ते तर अजिबात नाही. कळू शकते ती चाल. भेग एकदा पडून थांबली की वाढतेय, आणि वाढतेय तर रोज सारखी की कालच्यापेक्षा आज जास्त. चाल वाढत गेली तर थांबायचं नाही.

मोजायला वाडीत टेप नव्हती. आम्ही भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक पहार ठोकली, आणि तिने कोयत्याने बांबू असा तोडला की दोन पहारींच्या मध्ये तो अगदी घट्ट बसावा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून वरून चिकणमाती दाबून चर दुसरीकडे वळवला.

"रोज सकाळ-संध्याकाळ बघा. काठी बसते का. सैल झाली तर फट किती बोटं, ते मला फोन करून सांगा."

"आन् पडली तर?"

"पडली तर फोन नंतर करा. आधी सगळ्यांना घेऊन खाली शाळेत जा. रात्र असली तरी."

तिने विचारलं नाही की काही होणार नाही ना. मीही आपणहून काही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तालुक्याला अहवाल दिला आणि तलाठ्यांशी बोलले. पहिल्या दिवशी तिचा फोन आला: बसते. दुसऱ्या दिवशी: अर्धं बोट. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बोट, संध्याकाळी दोन. मी शाळा उघडून ठेवायला सांगितली. रात्री अकराला पुन्हा फोन आला. मागे लहान मुलं रडत होती, कुणीतरी बॅटरी मागत होतं.

"काठी पडली," ती म्हणाली. "आमी शाळेत हाव. नऊ घरं."

डोंगर आला नाही. दोन दिवसांनी पाऊस उघडला, झरा दहा पावलं खाली नव्या जागी फुटला, आधी गढूळ, मग नितळ. भेग एका हाताएवढी रुंद होऊन थांबली. मधले पाच दिवस नऊ घरांची लावणी खोळंबली, आणि वाडीतले काही जण माझ्यावर नाराज झाले. त्यांचं नुकसान खरं होतं. पण माती सुटलेली आहे ती आहेच, पुढच्या मोठ्या पावसात ती पुन्हा हलू शकते. वाडीची बैठक झाली तेव्हा मी एवढंच सांगितलं. ती मागे भिंतीला टेकून बसली होती, काही बोलली नाही.

पुढच्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरीनंतर, तिचा फोन आला.

"म्याडम, जुन्या काठीला वाळवी लागली. नवी तोडली मी. पन अंतर वाढलंय, लांब तोडावी लागली. किती लांब तोडली, तां लिहून घ्या."