लघवी बरीच कमी झाली, उठणं मात्र जवळपास तेवढंच

चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका गेल्या काही महिन्यांपासून डोक्यात आहेत. तक्रार आमच्या ओपीडीत रोज ऐकू येते तीच, रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं. फाईल जाडजूड होती. प्रोस्टेटची गोळी टॅम्सुलोसिन चालू, फरक नाही म्हणून वर सोलिफेनासिन, म्हणजे मूत्राशय शांत करायची गोळी, तरी फरक नाही म्हणून आता ऑपरेशनचा सल्ला. सोनोग्राफीत लिहिलं होतं 'प्रोस्टेट वाढलेली'. या वयात ती बहुतेकांची वाढलेलीच असते, पण रिपोर्टमध्ये ठळक छापलं की लोकांना गुन्हेगार सापडल्यासारखं वाटतं! त्याच रिपोर्टच्या शेवटी लघवी करून झाल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी ४० मिली अशी नोंद होती, ती कोणी वाचलीच नव्हती. एवढी कमी उरते म्हणजे मूत्राशय बऱ्यापैकी रिकामं होतंय.

एवढ्या फाईलमध्ये एकाही कागदावर दर वेळी लघवी किती होते हे नव्हतं. 'किती वेळा' सगळ्यांनी विचारलेलं, 'किती' कोणीच नाही. ह्यावर माझी चिडचिड होते, कारण ह्या तपासणीला मापाचा एक जग आणि एक वही एवढंच लागतं. तीन दिवस दर लघवीची वेळ आणि माप लिहायचं, काय किती प्यायलं ते लिहायचं, झोपायची आणि उठायची वेळ लिहायची. मी अजून एक रकाना घालतो, जाग कशाने आली, लघवीने की आधी जाग आली आणि मग आता उठलोच आहे तर जाऊन येऊ.

काकांनी नाक मुरडलं, पण काकूंनी वही घेतली आणि इतकी नीट लिहून आणली की मी ती दोनदा वाचली. एका रात्रीचं सांगतो. पावणेअकराला झोपण्याआधी १५० मिली. मग १२.१० ला ३४०, १.५० ला ३१०, ३.२० ला ९०, ४.४० ला २७० आणि सकाळी साडेसहाला उठल्यावर २३०. आता हिशोब करताना बरेच जण दोन ठिकाणी चुकतात. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरायची, कारण ती जागेपणी तयार झालेली. आणि सकाळची पहिली रात्रीत धरायची, कारण ती झोपेत तयार झालेली, जरी ती उठल्यावर केली असली तरी. तसं केलं की रात्रीची लघवी १२४० मिली आणि चोवीस तासांची २०४०, म्हणजे ६१ टक्के रात्री. ज्येष्ठांमध्ये एक तृतीयांशाच्या वर गेलं की रात्री लघवी जास्त तयार होतेय असं म्हणतात, इथे तर त्याच्या जवळपास दुप्पट. एकूण २०४० हे त्यांच्या ७२ किलो वजनाला काही जास्त नाही, शुगर नॉर्मल. म्हणजे लघवी एकंदरीत जास्त नाही, चुकीच्या वेळी होतेय.

आणि तो ३४० चा आकडा. जे मूत्राशय झोपेत ३४० मिली धरून ठेवतं त्याला लहान किंवा चिडलेलं म्हणायचं कसं? दिवसा दर वेळी दीडशेच्या आसपास व्हायची खरी, पण घाई नाही, कपडे खराब नाहीत, आपले सवयीने जाऊन यायचे. मूत्राशयाचा दोष असता तर रात्रीसुद्धा दर वेळी थोडी थोडीच झाली असती. ऑपरेशनने धार सुधारते, पण रात्रीचं उठणं हे त्यातलं सगळ्यात हट्टी लक्षण, आणि किडनीने रात्री लघवी बनवणं त्याने थोडंच थांबणार!

मग पाय बघितले. मोज्याच्या रबराचा खोल वळ, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा. बीपीसाठी ॲम्लोडिपिन १० मिलीग्रॅम चालू होती, जिने या डोसला पाय सुजणं अगदी नेहमीचं. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून पहिल्या दोन लघव्या सगळ्यात मोठ्या. हृदयाची इको आणि किडनीचे रिपोर्ट ठीक होते. वहीत अजून एक गोष्ट होती, रात्री उशाशी बाटली आणि प्रत्येक वेळी उठलं की दोन घोट, कारण सोलिफेनासिनने तोंड कोरडं पडायचं. म्हणजे लघवीच्या गोळीमुळे पाणी आणि पाण्यामुळे लघवी.

मुलाचं म्हणणं होतं की रात्रीची लघवी कमी करणारी गोळी असते ना, ती द्या. असते, डेस्मोप्रेसिन. पण या वयात तिने रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि माणूस गोंधळतो, पडतो, म्हणून आधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासावं लागतं. पाय सुजलेल्या माणसाला पाणी आत कोंडणारी गोळी द्यायची माझी तयारी नव्हती. सोलिफेनासिन बंद केली, ॲम्लोडिपिनऐवजी टेल्मिसार्टन दिली, दुपारी तासभर पाय उंच करून पडायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी वही परत मागवली. सगळे बदल एकदम केले, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं सांगता येणार नाही, पण त्यांची झोप बघता एकेक करत बसण्यात अर्थ नव्हता.

सूज उतरली होती. रात्रीची लघवी १२४० वरून ७६० वर. मी खूश, काका वैतागलेले. कारण चारच्या जागी अजून तीन वेळा उठत होते! दीडला ३००, मग ३.२० ला ११०, ४.५० ला १००, सकाळी २५०. शंभर-एकशेदहा मिलीने एवढ्या मूत्राशयाला जाग येत नाही. पहिल्या वहीतलं ३.२० चं ९० मी तेव्हा बघितलं होतं, पण मोठ्या आकड्यांपुढे ते दबलं. जाग कशाने आली त्या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं, 'घोरणं थांबलं, मग दचकून उठले, मग म्हणाले लघवीला जातो'.

झोपेची तपासणी केली, तासाला २७ वेळा श्वास अडतोय. आणि इथे लघवी वेगळी, झोपमोड वेगळी हे माझे कप्पे मोडतात. श्वास अडला की छातीत आतून ओढ बसते, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, त्याला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय आणि तो किडनीला मीठ-पाणी सोडायचा निरोप देतो. म्हणजे एकच आजार लघवीही वाढवतो आणि जागही आणतो. मग ७६० मधलं किती त्याचं? वहीवरून कळत नाही. आणि झोपमोडीने उठलेल्या माणसाला विचारलं तर तो शपथेवर सांगतो की लघवीनेच जाग आली, कारण जाग आल्यावर पहिली जाणीव तीच असते.

झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन सुरू झालंय. काका मास्क चार तास ठेवतात, मग झोपेत काढून टाकतात. काकूंनी आपणहून वहीत मास्क काढल्याची वेळही लिहायला घेतली आहे, आणि आत्तापर्यंतच्या पानांवर मास्क असताना फक्त एकदा उठणं, बाकीची दोन्ही मास्क सुटल्यानंतर. पान उलटलं की हेच. मास्कचा आकार बदलून बघतोय, नाकाचा लहान दिला आहे, तोंडाने हवा सुटते का ते टेक्निशियन बघणार आहे. टॅम्सुलोसिन अजून चालू आहे, ती काढायची की नाही हे धारेवर ठरवेन, रात्रीवर नाही. मुलगा परवा फोनवर विचारत होता, ऑपरेशनची तारीख रद्द केलीये, ती पुन्हा घ्यायची का. आधी सहा तास मास्क राहू दे आणि त्या रात्रीचं माप मला पाठवा, असं सांगितलं.