कार्डावरचे अभंग, नोंद चौथी: धावा होत नसलेल्या सलामीवीरासाठी

मागच्या तीन नोंदी वाढदिवस, बारसं आणि निवृत्तीच्या कार्डांवर होत्या. या वेळचं काम वेगळं आहे आणि गेले सहा आठवडे मी त्यातच आहे. माझा भाचा मुंबईत क्लब क्रिकेट खेळतो, सलामीला येतो. एप्रिलपासून त्याचे अकरा डाव झाले आणि त्यातली सगळ्यात मोठी धावसंख्या १९. ताई म्हणाली, "तू सगळ्यांना लिहून देतोस, त्याला दोन ओळी दे की. फक्त भाषण नको." ती शेवटची अट माझ्या डोक्यात राहिली.

सुरुवात मी सवयीप्रमाणे लहान अभंगाने केली. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक, म्हणजे कार्डाला सोयीचा साचा. पहिला खर्डा असा होता:

उठ वाघा, घे भरारी
शतकाची ही तयारी

अक्षरं बरोबर आहेत, यमकही बसलंय, पण मोठ्याने वाचल्यावर हे मैदानाबाहेरच्या फलकासारखं वाटलं. ज्याच्या अकरा डावांत मिळून शंभर धावा झालेल्या नाहीत, त्याला शतकाचं नाव ऐकवणं म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणं. मग सूर खाली आणला:

रात्र सरे, उजाडेल
बॅट पुन्हा तळपेल

हे जास्त हळुवार आहे, पण खोट तीच आहे आणि ती क्रियापदात आहे. उजाडेल, तळपेल. भविष्यकाळ आला की वचन आलं, आणि हे वचन कुणी देऊ शकत नाही. सलामीवीर उत्तम तयारीने उतरतो आणि तिसराच चेंडू टप्पा पडून बाहेर निघतो, कड घेतो, संपलं. मी "तळपेल" म्हणायचं आणि रविवारी त्याने पुन्हा शून्यावर परत यायचं, मग ते कार्ड त्याला नकोसं होईल.

दुसरी अडचण साच्याची होती. लहान अभंगात दोन सारख्या चरणांची जोडी होते आणि दुसरा चरण यमकावर आपटतो. त्या आपटण्यात आपोआप घोषणेचा ठेका येतो. म्हणून मी मोठ्या अभंगाकडे वळलो: पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. यमक तिसऱ्यावर होऊन जातं आणि चौथा चरण यमकाशिवाय, दोन अक्षरं कमी घेऊन, खाली उतरून थांबतो. शेवटी आवाज चढवायला जागाच राहत नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच.

लिहिण्याआधी भाच्याची वही मागून घेतली. तो प्रत्येक डावानंतर धावा, खेळलेले चेंडू आणि बाद कसा झाला ते लिहितो. अकरापैकी पाच वेळा तो ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू अंगापासून लांब ड्राइव्ह करायला गेला आणि मागे झेल देऊन बसला. दोनदा पायचीत, दोनदा त्रिफळा, एकदा धावबाद, एकदा मिडऑफला झेल. याचा अर्थ कवितेचा विषय 'अपयश' हा नव्हताच. विषय होता ऑफच्या बाहेरची वीतभर जागा. तिथून पहिलं धड कडवं निघालं:

ऑफच्या बाहेर
जाऊ दे तो चेंडू
नको त्याशी भांडू
जाऊ दे रे

चेंडू-भांडू हे यमक सापडलं त्या संध्याकाळी मी खूश होतो. दोन दिवसांनी ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर त्याचे कोच रोज सांगतात." खरं होतं. जाऊ दे, नको भांडू, सगळी आज्ञार्थी क्रियापदं. कोच, कर्णधार, वडील सगळे त्याच्याशी सध्या आज्ञार्थातच बोलतायत, त्यात मामाची भर कशाला? तेव्हा मी स्वतःला एक नियम घातला आणि बाकीचं सगळं काम त्या नियमाने झालं: भविष्यकाळ नाही, आज्ञार्थ नाही. जे घडलं ते भूतकाळात, जे चाललंय ते वर्तमानात. चेंडू सोडण्याचंच कडवं मग असं झालं:

ऑफच्या बाहेर
चेंडू सोडलेला
कीपरला गेला
तेवढेच

"तेवढेच" वर मी बराच वेळ घालवला. आधी तिथे "छान झाले" होतं, चारच अक्षरं. पण छान म्हटलं की शाबासकी आली, आणि एक चेंडू सोडल्याबद्दल शाबासकी दिली तर ती कीव वाटते. चेंडू सोडला, मागे गेला, एवढीच गोष्ट घडली. तरी ती फलंदाजीतली पूर्ण गोष्ट आहे आणि धावफलकावर ती दिसत नाही.

याच काळात सिडनी डोक्यात आलं, येणारच. २००३-०४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकरच्या पहिल्या तीन कसोटींतल्या धावा ०, १, ३७, ० आणि ४४. मग जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंदच करून टाकला, ऑफच्या बाहेरचे चेंडू सोडत राहिला, जे अंगावर आले ते लेगला खेळला आणि नाबाद २४१ केल्या, ४३६ चेंडूंत. आपला सगळ्यात देखणा फटका दहा तासांहून जास्त वेळ खिशात ठेवायचा, हे मला अजून थक्क करतं. त्यावर लिहिलेलं कडवं:

कव्हर ड्राइव्ह
मिटून ठेवला
दिवस काढला
सिडनीत

ठेवला-काढला हे यमक अशक्त आहे, पण कडवं काढून टाकलं ते त्यामुळे नाही. भाच्याला तो डाव तोंडपाठ आहे. "सिडनीत" वाचल्यावर त्याला सोडलेले चेंडू दिसणार नाहीत, २४१ दिसतील. आकडा न लिहिताही तो ओळीमागे उभा राहतो आणि पुन्हा वचन तयार होतं. शिवाय तेंडुलकरची ती घसरण एका मालिकेतली होती. या मुलाचा अर्धा हंगाम गेलाय आणि त्याच्या मागे कसोटी शतकांची रास नाही. दोन्ही एका मापाने मोजणं त्याच्यावर अन्याय झाला असता.

त्यापेक्षा त्याचंच मैदान जवळचं होतं. पावसाळा म्हणजे कांगा लीग. १९४८ पासून मुंबईचे क्लब मुद्दाम पावसात ही स्पर्धा खेळत आलेत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी सरपटतो, आणि बाहेर गवत इतकं वाढलेलं असतं की जमिनीवरून मारलेला चांगला फटकाही वाटेत अडकतो. तिथल्या सात धावा आणि एप्रिलमधल्या कडक खेळपट्टीवरच्या सात धावा वहीत सारख्याच दिसतात. भाच्यालाही हे कळतं, पण वही वाचताना तो फक्त आकडा वाचतो. एका रविवारी सात धावा करून घरी आला, काही न बोलता गॅलरीत बूट उलटे ठेवले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मी तिथेच बसलो होतो.

नावापुढे सात
लिहिले वहीत
बूट गॅलरीत
वाळतात

हे कडवं जवळजवळ एका बैठकीत झालं. शंका होती ती आकड्याची. पुढच्या रविवारी सात जुने होतील, मग कार्डही जुनं होईल का? "थोडे" घालून पाहिलं: नावापुढे थोडे. अक्षरं तितकीच, पण लगेच दया आली. सात ही संख्या आहे, थोडे हा शेरा आहे. सातच ठेवले.

आता मापाबद्दल थोडं, कारण इथे मी अडखळलो आणि तुमच्यापैकी बरेच जण अडखळत असतील. अक्षरछंदात आपण लिहिलेलं अक्षर मोजतो, जोडाक्षर एक धरतो, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. पण अभंग गाताना प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारलं जातं आणि कार्ड मात्र कुणी गात नाही, बोलल्यासारखं वाचतो. बोलताना आपण मधले 'अ' गिळतो. गार्डवरचं कडवं आधी "मधल्या यष्टीची" असं सुरू होत होतं. कागदावर सहा, तोंडात पाच ठोके, पुढच्या दोन चरणांइतकेच, त्यामुळे ठेका सरळ जात होता. पण क्रीजवर उभं राहून कुणी यष्टी म्हणत नाही. गार्ड घेताना तो मिडल स्टंपच म्हणतो:

मिडल स्टंपची
खूण पुन्हा केली
पावसाने नेली
तिच्या जागी

"मिडल स्टंपची" बोलताना चारच ठोके भरतात, म्हणजे पहिला चरण किंचित तोकडा पडतो. मी तसाच ठेवला. त्याच्या तोंडचा शब्द आणि माझा ठेका यांत त्याचा शब्द राहिला पाहिजे असं मला वाटतं. तपासायची माझी पद्धत सांगतो: आधी बोटांवर अक्षरं मोजायची, मग टाळी न वाजवता, गप्पा मारल्यासारखं दोनदा वाचायचं. ज्या चरणावर जीभ घाईत जाते किंवा वाट बघते तिथे खूण करायची, आणि ते अडखळणं अर्थाला मानवतं का ते बघायचं. बुटाने केलेली खूण पावसात पुसली आणि पुन्हा केली, या गोष्टीत सुरुवातीचं थोडं तुटकपण मला चालतं.

अशी तीन कडवी, तीन कार्डं. जाड हातकागद, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा, काळी शाई. वर नाव नाही, खाली 'शुभेच्छा' नाही. रविवारी संध्याकाळी दिली नाहीत, कारण बाद झाल्याच्या दिवशी कुठलीही ओळ सांत्वनच वाटते. बुधवारी नेटवरून आल्यावर, जेवणानंतर दिली.

त्याने तिन्ही वाचली. बुटांचं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "सात बदलू का? पुढे आकडा बदलेल." तो म्हणाला, "नको मामा, झालेच होते सात." मग विचारलं, "सोडलेला चेंडू कीपरकडे गेला, ते कुठल्या मॅचचं?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. तर म्हणाला, "माझा होता तसा एक, दुसऱ्या ओव्हरमध्ये. आत येईल असं वाटलं होतं." आणि तो चेंडू कसा बाहेर राहिला ते हाताने दाखवत बसला. एप्रिलनंतर तो स्वतःहून फलंदाजीबद्दल बोलला ते पहिल्यांदा. बुटांचं कार्ड त्याने वहीत ठेवलं, गार्डचं किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात. तिसरं टेबलावर आहे.

त्यानंतरच्या रविवारी १२ धावा, ४१ चेंडू, बाद पायचीत. चौथं कडवं नॉन-स्ट्रायकरच्या टोकावर करायचं आहे, कारण सलामीवीराचा अर्धा वेळ तिथे उभं राहण्यात जातो आणि तिथे अपयश येत नाही. अजून पहिलाच चरण आहे: "दुसऱ्या टोकाला". 'टोकाला'ला यमक लागत नाही, ते दुसऱ्या चरणापासून लागेल. 'चेंडू' पुन्हा आला तर मात्र पंचाईत आहे. 'भांडू' वापरून झालं आणि उरतो 'झेंडू', जो दाराला तोरण बांधल्यासारखा सणाचा दिसतो. दसऱ्यापर्यंत तो मी बाजूला ठेवलाय. तुमच्याकडे तिसरं यमक असेल तर कळवा.