भर छाटणीत आलेला बागायतदार

ऑक्टोबरात द्राक्षवाले आमच्या दवाखान्याकडे सहसा फिरकत नाहीत. पीक छाटणीचे दिवस असतात, मजुरांच्या टोळ्या ठरलेल्या असतात, आणि वरून पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. दुखणं असलं तरी लोक दिवाळीनंतरवर ढकलतात. म्हणून तासगावकडचे एक बागायतदार भर छाटणीत, सकाळी सकाळी बायकोला घेऊन सांगलीत आमच्या बाकावर बसलेले दिसले, तेव्हा गोष्ट साधी नाही एवढं कळलं. मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. त्यांना इथे महादेव म्हणते. नाव आणि घरचे काही तपशील बदललेत, लिहायला त्यांची संमती आहे.

फाइल जाडजूड होती. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, साखर, सगळं झालेलं आणि सगळं ठीक. बागेत गेलं की छातीवर दडपण यायचं, गळा आवळल्यासारखा व्हायचा, मोठमोठे उसासे यायचे आणि पाय गळायचे. हार्टच आहे असं समजून ते दोनदा गाडी काढून शहरात आले होते. शेवटी फिजिशियननी आमच्याकडे पाठवलं.

"घरात अलीकडे कुणी गेलंय का?" मी विचारलं.

"आबा गेले की. पण ते फेब्रुवारीत. त्याला आता आठ महिने झाले," महादेव म्हणाले.

वहिनी मध्येच बोलल्या, "तेव्हा हे एवढे खंबीर होते मॅडम, की पै-पाहुणे म्हणायचे, पोरगा असावा तर असा. आणि आता हे काय चाललंय? त्यांनाच वाटतंय डोकं फिरलंय म्हणून."

फेब्रुवारीत काय झालं ते नीट विचारलं. आबा गेले तेव्हा माल काढणीला आलेला होता. व्यापाऱ्याची गाडी ठरलेली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि त्याच दुपारी महादेव क्रेटचं वजन करून घेत उभे होते. मग दहावं, तेरावं, मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावर वारसनोंद, सोसायटीचं कर्ज, धाकट्या बहिणीची समजूत. एप्रिलात खरड छाटणी. आठ महिन्यांत हा माणूस एकदाही धड बसला नव्हता. लोक याला खंबीरपणा म्हणाले. माझ्या मते त्यात निम्मा खंबीरपणा आणि निम्मी कामाची यादी होती, आणि ती यादी सप्टेंबरात संपली.

पण एवढ्यानं माझं समाधान होईना. कामं संपली म्हणून दुःख आलं, तर ते घरी का येत नाही, बागेतच का येतं? आणि एप्रिलच्या छाटणीत का आलं नाही? तेव्हा तर आबांना जाऊन दोन महिनेच झाले होते.

मी त्यांना एक काम दिलं. असं झालं की लिहून ठेवायचं: वेळ, जागा, त्याआधी हातात काय काम होतं, आणि किती वेळ टिकलं. बाकी काही लिहायचं नाही, कसं वाटलं तेही नाही.

पुढच्या आठवड्यात ते फवारणीची वही घेऊन आले. एक्स्पोर्टचा माल असला की कुठलं औषध कधी मारलं याची नोंद ठेवावी लागते, त्याच वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी लिहिलं होतं. नोंद ठेवायची सवय असलेला माणूस, त्यामुळे एकही रकाना रिकामा नव्हता. आमच्या कामात मी बऱ्याच वह्या पाहिल्या, इतकी स्वच्छ क्वचितच.

आम्ही दोघं ती वही ओळीनं वाचत गेलो. आठवडी बाजारात काही नाही. ट्रॅक्टरवर काही नाही. फवारणीत नाही, रात्री मोटर चालू करायला गेल्यावर नाही. जे आलं ते सकाळी, बागेत, हातात कात्री असताना. त्यातही टोळी कामाला असताना कमी, एकटे असताना जास्त. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं. एकदाच पाऊण तास.

हा वेळेचा आकडा पाहून मला जुनी गोष्ट आठवली आणि मी ती त्यांना सांगितली. 1942 साली अमेरिकेत बोस्टनच्या एका नाइटक्लबला आग लागून जवळजवळ पाचशे माणसं गेली. एरिक लिंडेमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं त्यांच्या नातेवाइकांना आणि इतर शोकग्रस्तांना तपासून 1944 मध्ये लिहिलं, की शोकाचा शारीरिक त्रास लाटांसारखा येतो, एक लाट साधारण वीस मिनिटं ते तासभर टिकते, आणि त्यात गळा आवळतो, श्वास अपुरा पडतो, उसासे येतात, पोटात पोकळी पडल्यासारखं होतं. महादेवांनी वहीतल्या स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे हे हार्ट न्हाई."

"नाही. आणि डोकंही फिरलेलं नाही."

मग मी छाटणीबद्दल विचारलं. मला बागेतलं फारसं कळत नाही, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगताच ते सापडलं. एप्रिलच्या खरड छाटणीत फार विचार नसतो. काड्या सरसकट खाली कापून एक डोळा राखायचा, टोळीला एकदा सांगितलं की काम सुटतं. पीक छाटणीत मात्र काडी बघून ठरवायचं असतं: जाडी किती, शेंडा मारल्यावर फुटलेल्या काडीची, म्हणजे सबकेनची, गाठ कुठे, तिच्यापुढे एक डोळा ठेवायचा की दोन. इथं चुकलं तर घड येत नाहीत, वर्ष जातं. हा निर्णय पहिल्या ओळीवर आबा घ्यायचे. काडी बोटांत फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "इथं घे." महादेवांना ते नेहमी पटायचं असंही नाही. दोघांची दरवर्षी बांधावर भांडणं व्हायची.

"औंदा कात्री लावली आणि मागं वळून बघितलं," ते म्हणाले. पुढे त्यांना बोलवेना. आम्ही थांबलो. वहिनींनी पाणी दिलं. जरा वेळानं तेच म्हणाले, "भांडायला पण कोण न्हाई आता."

आई-वडील गेले हे डोक्याला एकदा समजलं म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. मनाचा मोठा भाग मात्र सवयीवर चालतो, आणि ती सवय एकेका जागेशी बांधलेली असते. जेवणाच्या ताटाजवळ आबा नाहीत हे महादेवांचं मन रोज दोनदा शिकत होतं, त्यामुळे ते मार्चपर्यंत बरंचसं शिकून झालं. पीक छाटणी वर्षातून एकदा येते. तिथं आबा नसण्याचा तो पहिलाच दिवस होता. बाहेरच्यांना आठ महिने जुनं वाटणारं दुःख त्या पहिल्या ओळीवर अगदी नवं होतं.

यातून पुढचंही दिसतं, म्हणून आम्ही कागद घेऊन वर्ष मांडलं. आबांची गरज पडायची अशा आणखी जागा कुठल्या? दिवाळीचा पाडवा, म्हणजे त्यांच्या डोक्याला तेल लावणं. डिसेंबरातला ढगाळ आठवडा, डावणी रोगाच्या भीतीनं दोघं रात्री जागायचे तो. व्यापाऱ्याशी दराची घासाघीस. आणि फेब्रुवारीतलं वर्षश्राद्ध, तेही पुन्हा काढणीतच. यातलं काही टळणार नव्हतं. पण कधी येणार हे माहीत असलं की माणूस त्या दिवशी एकटा राहत नाही, मोठा व्यवहार ठेवत नाही, आणि छातीत दाटलं की शहराकडे गाडी पळवत नाही.

इथे एक अडचण होती. या काळात महादेवांनी छाटणी पूर्ण टोळीवर सोडून घरी बसायला सुरुवात केली होती, झोपेसाठी संध्याकाळी थोडी घ्यायलाही लागले होते. नातेवाईक म्हणत होते, बरंच आहे, बागेत जाऊच नको. मला हा सल्ला पटत नाही. जागा टाळली की शिकणं थांबतं आणि पुढच्या ऑक्टोबरात तीच ओळ तशीच समोर उभी राहते. उलट दिवसभर तिथेच बसून राहणंही उपयोगाचं नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोक सावरणारी माणसं दोन बाजूंत ये-जा करतात: काही वेळ गेलेल्या माणसाजवळ, काही वेळ पुढच्या जगण्यात. ही ये-जा हीच तब्येतीची खूण. कुठल्याही एका बाजूला अडकलं की घोटाळा.

म्हणून ठरलं ते असं. रोज सकाळी एकच ओळ स्वतः छाटायची, वहिनी बरोबर असतील. लाट आली तर कात्री खाली ठेवायची, बांधावर बसायचं, रडू आलं तर येऊ द्यायचं. परतवायची खटपट करायची नाही, अर्ध्या तासात ती स्वतःच उतरते हे वहीनं दाखवलं होतंच. अशा वेळी फवारणीचा ब्लोअर आणि ट्रॅक्टर हातात घ्यायचा नाही. ओळ झाली की उरलेला दिवस नेहमीची कामं. संध्याकाळची दारू बंद, कारण तिनं झोप मोडते आणि दुसऱ्या सकाळी बागेत जाणं आणखी अवघड होतं.

हे ठरवण्याआधी, पहिल्याच भेटीत, मी एक प्रश्न विचारला होता. द्राक्षवाल्याच्या घरी फवारणीच्या औषधांची खोली असतेच, म्हणून तो मी आडवळणानं विचारत नाही: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तसं डोक्यात भरतं, हा गैरसमज आहे. महादेव नाही म्हणाले. तरी त्या खोलीची किल्ली काही महिने वहिनींकडे राहील असं आम्ही ठरवलं. ज्यांना असं वाटत असेल त्यांच्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

हे नैराश्य नाही असं मी कशावरून म्हटलं, तेही सांगते. नैराश्यात बहुतेक दिवसभर सगळंच फिकं वाटतं, आणि माणूस स्वतःला नालायक ठरवतो. महादेव दोन लाटांच्या मध्ये जेवत होते, मुलीच्या अभ्यासावरून हसत होते, दर किती मिळेल याची चिंता करत होते. दुसरी शक्यता लांबलेल्या शोकाच्या आजाराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकी नियमावलीत प्रौढांसाठी बारा. नुसते महिने मोजून मात्र ते निदान होत नाही. जवळजवळ रोज, बहुतेक वेळ तीच ओढ, जगण्यातली कामं ठप्प, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते स्पष्टपणे जास्त, असं असावं लागतं. आपल्याकडे वर्ष पाळायची रीत आहे, तेव्हा आठव्या महिन्यात बांधावर रडणारा मुलगा त्यात बसत नाही. पुढच्या छाटणीलाही अशीच गत राहिली, किंवा मधल्या काळातलं हसणं बंद झालं, तर वेगळ्या उपचारांचा विचार करावा लागेल, हेही त्यांना सांगून ठेवलं.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा छाटणी उरकली होती. लाटा येत होत्या, पण विरळ, आणि बसून घेता येत होत्या. एका ओळीवर त्यांनी मुद्दाम आबांच्या मताविरुद्ध दोन डोळे ठेवले होते आणि मोठ्यानं सांगितलंही होतं, "आबा, मी दोन ठेवतोय." वहिनींना हे जरा विचित्र वाटलं होतं. मला अजिबात नाही. माणूस गेला म्हणून त्याच्याशी चाललेलं बोलणं बंदच करायला हवं, असं काही नाही.

उठता उठता महादेव म्हणाले, "आईला पण दुपारच्या चहाला असंच होतं म्हणे. मला आत्ता कळलं. सांगितलंच न्हाई तिनं कधी."

"मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," मी म्हटलं, आणि वहिनींनी तिथेच तारीख लिहून घेतली.