टाकी-पंपाचं गणित: बाथरूमचं पाणी मोजून झालं

सिडकोतल्या आमच्या एकमजली घराची गच्चीवरची टाकी बदलायची आहे. प्लंबर म्हणतो, "दीड हजारची घ्या साहेब, कटकट नको." माणशी १३५ लिटर हा नेहमीचा आकडा धरला तर पाच जणांचे ६७५ होतात, पण त्यात स्वयंपाक-धुणंही आलं. आमचं ते पाणी खालच्या नळावर भागतं. टाकीवर फक्त बाथरूम आहेत, म्हणून तेवढंच मोजलं.

आधी हिशेब. आई, बायको आणि मी बादलीने आंघोळ करतो, माणशी तीस लिटर. पोरांना शॉवर लागतो. त्याखाली १८ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली, म्हणजे आठ मिनिटांत ७२ लिटर! दोघांचे १४४, आमचे ९०. जुना फ्लश दर खेपेला १० लिटर सोडतो. दिवसाला वीस खेपा, २०० लिटर. बेसिन आणि जेटचे ६०, फरशीची एक बादली २०. बेरीज ५१४.

मग पडताळा. टाकीचा घेर ३४५ सेंमी, म्हणजे व्यास ११०. पाणी एक सेंमी उतरलं की साडेनऊ लिटर गेलं. पहाटे टाकी भरून पंप बंद ठेवला आणि काठी बुडवून पातळी घेतली. चोवीस तासांत ६० सेंमी उतरली, म्हणजे ५७० लिटर. वरचे ५६ कुठे गेले? रात्री अकरा ते पाच कोणी उठलं नव्हतं, तरी दीड सेंमी उतरलं होतं. सहा तासांत १४ लिटर, दिवसाचे ५६-५७. फ्लशच्या टाकीत निळी शाई टाकली, तर न ओढताच थोड्या वेळात भांड्यात निळं पाणी. तळाचं रबर गेलं होतं. रात्रीची पातळी घेतली नसती तर ही गळती मी घरच्यांच्या वापरात धरली असती.

रबर बदललं की रोजचे साधारण ५१५. आउटलेटखाली सहा सेंमी पाणी अडकतं, ते ५७ लिटर. जलवाहिनीच्या दुरुस्तीला एखादा दिवस पाणी बंद असतं, पण तेव्हा खालचा दोन हजारांचा हौद कामी येतो. वरच्या टाकीने एक दिवस आणि चार पाहुणे सांभाळले की पुरे, हजारची घेतोय. दीड हजारात स्लॅबवर अर्धा टन जास्त, आणि आमची जागा बीमवर नाही.

पंपासाठी हौदाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत ११ मीटर, पाइपच्या घर्षणाचे दोन, म्हणजे १३ मीटर हेड. ६०० लिटर बावीस-तेवीस मिनिटांत चढवायचे तर ताशी १६०० लिटर लागतात. अर्धा एचपी पुरतो, पण प्लेटवरचे कमाल हेड आणि कमाल डिस्चार्ज एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी जवळजवळ शून्य. दुकानदाराकडे तक्ता मागून १३ मीटरच्या रकान्यातलं डिस्चार्ज बघायचं. पाऊण इंची पाइप तसाच ठेवून एक एचपी बसवला तर वाढीव जोर बराचसा घर्षणातच जाईल, म्हणून आधी चढता पाइप एक इंची करतोय.