डक्टच्या पाठीवरचं पीठ

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या पिठाच्या एका रोलर फ्लोअर मिलमध्ये मी देखभाल विभाग सांभाळतो. २०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. साप्ताहिक सुट्टी होती, मिल बंद होती. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडची माणसं तपासणीला येणार, म्हणून पॅकिंग विभागाची सफाई काढली होती. तिथल्या दिव्यांची लाइन दुरुस्तीसाठी मीच बंद केली होती. वर डक्टच्या मागं अंधार, म्हणून स्टोअरमधला ५०० वॉटचा हॅलोजन स्टँडवर लावून दिला. तोही मीच. त्याची पुढची काच केव्हाच फुटली होती, नुसती जाळी उरली होती.

शिडीवर आमचे मामा चढले होते. मिलमध्ये सगळ्यांचेच मामा, वीस वर्षं पॅकिंगला. हातात कॉम्प्रेसरची एअर गन. खाली एक मावशी झाडत होत्या आणि पॅकिंगचा पोरगा पोती सरकवत होता. मामांनी केबल ट्रे आणि डक्टच्या पाठीवर हवा मारली, तसा धुरळा उठून शिडीच्या वरच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. हॅलोजन नुसता पिवळा डाग दिसत होता. मी दारातून हाक मारली, "मामा, जरा दमानं, बसू द्या खाली." "एवढं मारतो आन् उतरतो, सायेब," ते म्हणाले.

मोठा आवाज झालाच नाही. भस्सकन काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि पिवळी ज्वाळा छताखालून लोळत शटरमधून बाहेर पडली. गरम हवेचा धक्का मला दारात बसला. दोन-तीन सेकंद, बास. मग अंधार, काळा धूर आणि करपलेल्या भाकरीचा वास.

आत कोपऱ्यातला पिठाचा ढीग आणि रिकामी पोती धुमसत होती. पोरगा सीओटूचा सिलिंडर घेऊन त्या ढिगावर धावला. मी जिवाच्या आकांतानं ओरडून त्याला थांबवलं. त्या झोतानं ढिगातलं पीठ परत उडालं असतं आणि खाली निखारा तयारच होता. धुमसणारं पीठ बारीक फवाऱ्यानं हळूहळू भिजवायचं असतं. होजची नोझल फवाऱ्यावर ठेवून ते काम आम्ही नंतर केलं. आधी माणसं.

मावशींचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले होते. चेहरा लाल, पण डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांत कातडी जशीच्या तशी, पांढऱ्या रेघांसारखी. झळ येताच डोळे गच्च मिटले होते, त्याची ती खूण. हात तोंडापुढं धरल्यामुळं हातांच्या पाठी भाजल्या, तळवे वाचले. अंगावर सुती साडी होती, ती फक्त कडेला करपली. पोराच्या एका हाताला झळ लागली, तेवढ्यावर निभावलं.

मामांचा शर्ट टेरिलिनचा. पाठीवर तो पेटला नाही, वितळला आणि कातडीला चिकटला. मी तो ओढला नाही. मोकळा होता तेवढा कापला आणि नळाचं साधं पाणी धरलं. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद; दोन्ही परत पाठवली. वीस मिनिटं पाणी धरायचं एवढं मला पाठ होतं. पण दहाव्या मिनिटाला मामा "पाणी द्या" म्हणाले आणि आवाज घोगरा निघाला. नाकात पाहिलं तर केस जळालेले. तेव्हा मी थांबलो नाही, ओल्या चादरीत गुंडाळून तसेच सीपीआर रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पाठीआधी घसा पाहिला. रुग्णाच्या बोटांसकट तळव्याएवढी जागा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्या हिशेबानं मामा बारा टक्के भाजले होते. बाराचा आकडा ऐकून आम्हाला धीर आला होता. डॉक्टर म्हणाले, आकड्यावर जाऊ नका, श्वासनलिका सुजत चालली आहे. तासाभरात नळी घालावी लागली.

संध्याकाळपर्यंत मिलमध्ये एकच शब्द फिरत होता: शॉर्टसर्किट. मला तो पटेना. दुसऱ्या दिवशी दिव्यांचं पॅनेल उघडलं तर आत पीठ पांढरंशुभ्र, एकही तार काळी नाही. ती लाइन तर बंदच होती. मग कॅमेऱ्याचं चित्रण एकेक चौकट पुढं सरकवत पाहिलं. पहिल्या उजेडाची जागा हॅलोजनच्या जाळीपाशीच होती. पुढच्या चौकटीत उजेड शिडीकडं, त्यापुढच्या चौकटीत छताला. जाळीवर पिठाचा काळा पापुद्रा भाजून बसला होता. पिठाचा ढग पेटायला साधारण ४०० अंश सेल्सिअस किंवा थोडं जास्त तापमान लागतं. हॅलोजनची नळी ५०० च्या वर सहज जाते, आणि तिच्यावरची काच गेलेली. ठिणगी नव्हती, ज्योत नव्हती, नुसता उजेडासाठी लावलेला दिवा होता. १७८५ च्या डिसेंबरात इटलीतल्या तूरिनमध्ये एका बेकरीवाल्याच्या कोठारात असाच भडका झाल्याची नोंद आहे. दिव्याच्या उजेडात पीठ ओढणाऱ्या पोराचे तोंड आणि हात तेव्हा भाजले होते. मला ती नोंद मामा दवाखान्यात असताना वाचायला मिळाली.

मग मी स्टूल घेऊन न झाडलेल्या टोकाकडं गेलो. डक्टच्या पाठीवर बोट फिरवलं, थर ३ मिलिमीटर भरला. फरशी आम्ही रोज दोनदा झाडायचो, कारण सगळे फरशीच बघतात. वर बसतं ते सगळ्यात बारीक पीठ, आणि पत्र्याच्या उबेनं वाळलेलं. डक्ट आणि ट्रे मिळून ६ चौरस मीटर धरले तर त्या थराचं पीठ सुमारे ९ किलो होतं. शिडीभोवतीचा ढग असेल ३५ घनमीटर. घनमीटरला ५० ते ६० ग्रॅम पीठ पेटायला पुरतं, म्हणजे त्या ढगाला दोन किलोच्या आसपास बास झालं. आम्ही हवा मारून त्याच्या कितीतरी पट उडवलं होतं. ढगातून दोन मीटरवरचा दिवा नीट दिसेनासा झाला, तर त्यात पेटण्याइतकं पीठ आहे असं समजायचं. मला दारातून तो पिवळा डाग दिसत होता, आणि मी "दमानं" एवढंच म्हणालो होतो.

दोन्ही शटर आणि खिडक्या उघड्या होत्या, म्हणून दाब बाहेर गेला आणि भिंती राहिल्या. हाच भडका माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बंद केसिंगमध्ये किंवा साठवणीच्या बिनमध्ये झाला असता तर पत्रा फाटला असता. त्या हादऱ्यानं बाकीच्या मजल्यांवरचा थर उडून तोही पेटला असता. त्या मजल्यांवरच्या डक्टची पाठ मी त्याच आठवड्यात पाहिली. तिथला थर जास्त जाड होता.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्ये दोन्ही गोष्टी होत्या: धूळ साचू द्यायची नाही, आणि पेट घेण्याची कारणं दूर ठेवायची. आमच्याकडं दोन्ही चुकलं होतं, आणि दिवा लावणारा मी होतो. चौकशीत मी तसं लिहून दिलं.

एअर गनची लाइन मी पॅकिंगमधून काढून टाकली. आता धूळ उडू न देणाऱ्या, अर्थिंग केलेल्या व्हॅक्यूमनं सफाई होते, आधी वर, मग खाली. हॅलोजनच्या जागी बंदिस्त, धूळरोधक एलईडी आहेत. दर शनिवारी मी स्वतः स्टुलावर चढून डक्टच्या पाठीवरून हात फिरवतो. खालचा हिरवा रंग दिसला नाही तर सोमवारचं पॅकिंग सुरू होत नाही. सुरुवातीला यावरून मालकांशी तीनदा वाद झाला, आता होत नाही.

मामा सव्वादोन महिन्यांनी घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून पोत्याच्या शिलाईला बसता येत नाही. ते आता गेटवर वजनकाट्याची नोंद ठेवतात. आवाज अजून थोडा घोगराच आहे.