आमची वाटचाल: गणित बरोबर होतं, हात खोटं बोलत होता

आम्ही सुरुवात केली ती कन्व्हेयर आणि कंट्रोल पॅनल बनवण्यापासून. दोन पार्टनर, एक फिटर आणि एक भाड्याची शेड. मग एका ग्राहकाने विचारलं की पट्ट्यावरून येणाऱ्या प्लास्टिकच्या हलक्या टोप्या उचलून ट्रेमध्ये लावायच्यात, माणसाचा हात पुरत नाहीये, काही करता का? तिथून आमचा डेल्टा रोबोट सुरू झाला.

डेल्टाची मूळ आयडिया रेमंड क्लाव्हेल यांची, १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात निघालेली. तिन्ही मोटर वर फ्रेमला फिक्स, त्यांच्यापासून तीन वरचे हात १२० डिग्रीवर, आणि प्रत्येक हाताच्या कोपरापासून खाली दोन समांतर रॉडची जोडी जी छोट्या प्लॅटफॉर्मला धरते. या जोड्यांमुळे प्लॅटफॉर्म कुठेही गेला तरी फिरत नाही, तिरका होत नाही, फ्रेमला समांतरच राहतो. मोटरचं वजन हलवायचं नसल्यामुळे हलणारा भाग अगदी हलका होतो आणि वेग येतो तो त्यातूनच.

आमच्या पहिल्या मशीनचे आकडे सांगतो, पुढे लागतील. मध्यापासून मोटरच्या अक्षापर्यंत १२० मिमी, प्लॅटफॉर्मच्या मध्यापासून खालच्या जॉइंटपर्यंत ४०, वरचा हात १५०, खालचे रॉड ३५०. हात आडवा म्हणजे शून्य डिग्री, खाली गेला की अधिक.

इनव्हर्स म्हणजे प्लॅटफॉर्म कुठे हवाय ते माहीत आहे, तर तिन्ही हात किती डिग्रीवर ठेवायचे. डेल्टात हे सोपं जातं कारण प्रत्येक हात वेगळा सोडवता येतो. कोपर मोटरभोवती एका वर्तुळावरच फिरू शकतं आणि त्याच वेळी ते प्लॅटफॉर्मच्या जॉइंटपासून बरोबर ३५० मिमीवर असायला हवं, बस एवढंच. पॉइंट त्या हाताच्या दिशेने फिरवून घ्यायचा (०, १२०, २४० डिग्री) आणि तेच फंक्शन तीनदा चालवायचं:

```c
double angle(double x, double y, double z) {
  double a = (R - r) - x;
  double k = (M*M - L*L - a*a - y*y - z*z) / (2*L);
  double d = sqrt(a*a + z*z);
  if (fabs(k) > d) return NAN;
  return atan2(z, a) + acos(k / d);
}
```

`R` मध्यापासून मोटरच्या अक्षापर्यंत, `r` प्लॅटफॉर्मच्या मध्यापासून जॉइंटपर्यंत, `L` वरचा हात, `M` खालचा रॉड, `z` खाली गेला की वजा, उत्तर रेडियनमध्ये. `acos` च्या आधी वजा टाकलं तर दुसरं उत्तर येतं, ज्यात कोपर आतल्या बाजूला वळतं, ते आपल्याला नको. आणि `NAN` आला म्हणजे तिथे हात पोचतच नाही. पण नाही आला म्हणून बिनधास्त राहू नका, बॉल जॉइंट किती वाकतो हे या सूत्राला माहीत नसतं, ती मर्यादा वेगळी तपासावी लागते. आम्ही सुरुवातीला तपासली नव्हती आणि कडेच्या एका पॉइंटला रॉड सॉकेटमधून निसटला होता.

मध्यावर ३०० मिमी खाली जायचं तर `a` = ८०, `k` = १२ आणि तिन्ही हात १२.७२ डिग्री. आता पहिल्या हाताच्या दिशेने १०० मिमी सरका, खोली तीच ठेवा, तर पहिला हात -९.९२ म्हणजे आडव्याच्याही वर जातो आणि बाकीचे दोन ३१.८७ वर.

फॉरवर्ड उलटं आहे, कोन माहीत आहेत तर प्लॅटफॉर्म कुठे आहे. इथे तिन्ही हात एकत्रच सोडवावे लागतात. प्रत्येक कोपर ४० मिमी आत सरकवायचं, तिथे ३५० त्रिज्येचा गोल कल्पायचा, तिन्ही गोल जिथे भेटतात तो प्लॅटफॉर्मचा मध्य. उत्तरं दोन येतात. वरच्या उदाहरणात तिन्ही १२.७२ दिले तर एक येतं -३०० आणि दुसरं +२३४, म्हणजे प्लॅटफॉर्म मोटरच्या वर! खालचं घ्यायचं.

आम्ही इनव्हर्समधून आलेले कोन फॉरवर्डला दिले, हजारो पॉइंट, सगळे जिथल्या तिथे परत आले आणि आम्ही खूश झालो की मशीन बरोबर आहे. इथेच फसलो. दोन्ही सूत्रं तेच आकडे वापरतात, त्यामुळे ती टेस्ट फक्त बीजगणित तपासते, खरं लोखंड नाही.

मशीन चालू केलं तर पट्ट्याच्या एका बाजूला सक्शन कप टोप्या दाबत होता आणि दुसऱ्या बाजूला टोपीपर्यंत पोचतच नव्हता. आम्हाला वाटलं पट्टाच तिरका आहे, मग खाली पातळ पत्र्याचे शिम टाकले, उंची बसली, पण कप टोपीच्या मध्यावर येईना, कॅमेऱ्यात एक मिलिमीटर ऑफसेट टाकला तर मध्ये जमायचं आणि कडांना परत थोडं हुकायचं. दोन आठवडे असेच गेले. शेवटी आमचे फिटर काका म्हणाले, "साहेब, आधी लेव्हल लावून बघू, मग काय ते ठरवू." शिम काढले, पट्ट्याखालच्या बेडवर लेव्हल ठेवली, फ्रेमवर ठेवली, प्लॅटफॉर्मवर दोन्ही टोकांना ठेवली, सगळीकडे बुडबुडा मध्यावर. मग कपच्या जागी उंचीतला फरक दाखवणारा डायल गेज लावून बेडवर -१०० ते +१०० फिरवला तर ०.६ मिमीचा उतार! म्हणजे प्लॅटफॉर्म सरळ आहे, बेड सरळ आहे, पण प्लॅटफॉर्म चालतोय मात्र तिरक्या वाटेने. रॉडच्या जोडीत एक लांब एक आखूड असता तर लेव्हलने दाखवलं असतं, कारण मग प्लॅटफॉर्मच तिरका झाला असता.

आता फॉरवर्ड खऱ्या कामाला आलं. मी पहिल्या हाताच्या कोनात मुद्दाम १ डिग्री वाढवून तीन जागी उत्तर काढलं. मध्यावर प्लॅटफॉर्म १.० मिमी खाली आणि २.४ मिमी बाजूला जातो, +१०० ला १.७ खाली, आणि -१०० ला जेमतेम ०.१५ खाली. म्हणजे डिग्रीला साधारण दीड मिलिमीटर उतार, आणि तो बरोबर त्या हाताच्या दिशेने खाली. आमचा उतारही पहिल्या हाताच्याच दिशेने होता, ०.६ मिमी, म्हणजे चूक सुमारे ०.४ डिग्रीची. तेवढ्यात मध्यावर बाजूची चूक निघते जवळपास १ मिमी, तोच आमचा कॅमेऱ्याचा ऑफसेट!

कारण साधं होतं. हाताचा शून्य कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या होमिंग सेन्सरची पट्टी नटाखाली किंचित फिरली होती, त्यामुळे कंट्रोलरला जो शून्य वाटत होता तिथे हात खरा ०.४ डिग्री खाली होता. पट्टी नीट बसवली, ऑफसेट काढून टाकला आणि उतार गेला.

तिन्ही हात सारखेच चुकले तर मात्र उतार दिसत नाही हे लक्षात ठेवा. १ डिग्रीला सगळं साधारण ३ मिमी खाली जातं, ते आपण उंची सेट करताना नकळत खाऊन टाकतो, आणि मागे उरतं ते १०० मिमीला सुमारे १ मिमी जास्त लांब जाणं. ते पकडायला उंची नाही, आडवं अंतर मोजावं लागतं.

आता आम्ही प्रत्येक हाताला शून्यावर डॉवेल पिनचं भोक ठेवतो. पिन घालून हात लॉक करायचा, एन्कोडरचं रीडिंग त्याच क्षणी शून्य म्हणून सेव्ह करायचं, सेन्सर फक्त अंदाजासाठी. मग डायल तिन्ही हातांच्या दिशांनी फिरवायचा आणि स्टीलच्या स्केलवर आडवं अंतर मोजायचं. दुसऱ्या मशीनला तिन्ही दिशांत डायलचा काटा ०.०५ च्या आत राहिला, शिम एकही लागला नाही.