काळ्या कुर्त्यावरचे नारिंगी डाग: ब्लीचच्या शिंतोड्यांची नोंद

मार्चमध्ये कूलरची टाकी घासायला काढली. तळाशी वर्षभराचा चिकट थर होता, म्हणून बादलीत लिक्विड ब्लीच ओतलं. अंगात काळा सुती कुर्ता होता. शिंतोडे उडाले तेव्हा कळलं नाही. दहा मिनिटांनी पोटापाशी चार ठिपके दिसले, पांढरे नव्हे, गाजराच्या हलव्यासारखे नारिंगी. सर्वांत मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. गांधीबागेतून कापड आणून स्वतः शिवलेला कुर्ता होता, टाकवेना.

पहिली चूक मी थांबायची केली. टाकी आधी पूर्ण करू, मग पाहू, असं ठरवलं आणि तेवढ्या अर्ध्या तासात ठिपके वाढले. साध्या पाण्यात चार वेळा खळबळून काढल्यावरही कापडाला वास येत होता. मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची सहा टक्केवाली बाटली आणली, एक भाग त्यात दहा भाग पाणी घातलं आणि कुर्ता त्यात बुडवला. ठिपक्यांवर बारीक बुडबुडे आले. उरलेलं ब्लीच आणि पेरॉक्साइड भिडलं की मीठ, पाणी आणि ऑक्सिजन उरतो, ते बुडबुडे त्याच ऑक्सिजनचे. बुडबुडे थांबले की काम झालं. मग पुन्हा साध्या पाण्यातून काढायचं. फोटोवाल्यांकडचा हायपोसुद्धा हेच काम करतो. व्हिनेगर किंवा लिंबू मात्र चुकूनही नको. आम्ल ब्लीचवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत बसतो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हळदीच्या डागावर साबण लागला की लाल होते, धुतल्यावर पुन्हा पिवळी येते ना? तसंच हेही परत येईल." मला हे उदाहरण फार आवडलं, कारण फरक त्यातूनच कळतो. हळदीचा रेणू साबणात नुसता रूप बदलतो, मोडत नाही. क्षार धुऊन गेला की तो पहिल्यासारखा होतो. ब्लीचमध्ये रंगाचा रेणू तुटतो. सुती कापडाच्या बहुतेक गडद रंगांत दोन नायट्रोजन अणूंची एक जोडी असते, तिला ॲझो बंध म्हणतात. या जोडीमुळे आजूबाजूची सगळी साखळी प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला रंग दिसतो. ब्लीच नेमकी ही जोडी फोडतं. उरलेले तुकडे बहुतेक बिनरंगी असतात. एक धाग्याला चिकटून राहतो, बाकीचे पाण्यात वाहून जातात. जोडायला समोर काही उरतच नाही. म्हणून "रंग परत आणणारं औषध" मागणाऱ्याला मी सांगते की औषध नाही, नवा रंग चढवावा लागेल.

मग नारिंगी का? बाजारातला काळा बहुधा एकच रंग नसतो. एक गडद निळा असतो आणि तो नीट काळा दिसावा म्हणून त्यात थोडा नारिंगी, थोडा लाल मिसळलेला असतो. माझ्या कापडात निळा आधी मोडला, नारिंगी मागे राहिला. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा होता, तो तसाच काळाकुट्ट राहिला. नारिंगी डागातून काळी शिवण जाताना बघायला विचित्र वाटत होतं.

आधी कायमस्वरूपी मार्करने भरून पाहिलं. घरात ठीक दिसलं, बाल्कनीच्या उन्हात जांभळी झाक मारली आणि दोन धुण्यांत पुसट झालं. मार्करची शाई कापडाच्या वर बसते, धाग्याला बांधली जात नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात थंड पाण्यातला रिॲक्टिव्ह रंग आणला, काळा. इतवारीतल्या रंगारी काकांना कुर्ता दाखवला तर त्यांनी डागावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि म्हणाले, "पाणी लगेच पितो ना, तर रंगही पिईल. थेंब तसाच बसून राहिला असता तर आधी गरम पाण्यात साबण लावून धुवायला सांगितलं असतं." थेंब लगेच पसरला.

मिश्रण असं केलं: पन्नास मिली कोमट पाण्यात एक चहाचा चमचा युरिया, एक चमचा रंग आणि पाव चमचा अल्जिनेट, म्हणजे पातळ खिरीसारखं दाट होतं आणि ब्रशमधून वाहत नाही. शेवटी पाव चमचा धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. सोडा पडल्यापासून रंग पाण्याशीही जोडायला लागतो, म्हणून तो लावायच्या क्षणी घालायचा आणि उरलेलं मिश्रण काही तासांत निकामी समजायचं. बारीक ब्रशने डागाच्या आतून काठाकडे भरलं, खाली प्लास्टिक ठेवलं, वरूनही झाकलं आणि रात्रभर ठेवलं. ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की रंग बांधायचं थांबतो. युरिया ओल धरून ठेवतो, आणि आमच्या नागपूरच्या एप्रिलमधली ऊब या रंगाला आपोआप मिळते.

सकाळी आधी गार पाण्याने, मग गरम पाण्यात साबण लावून रंग सुटणं थांबेपर्यंत धुतलं. वाळल्यावर डाग गेला होता, पण तिथे काळ्याऐवजी काळपट तपकिरी पट्टा होता. विचार केला तेव्हा कारण लक्षात आलं. डागात आधीच नारिंगी उरला होता आणि मी वरून घातलेल्या काळ्यातही नारिंगी आहेच. म्हणजे मी कमी पडलेला रंग देण्याऐवजी असलेलाच वाढवत होते. कमी पडला होता निळा.

दुसऱ्या वेळी तीन भाग काळा आणि एक भाग निळा घेतला. आधी शिवणीच्या आतल्या कापडाचा तुकडा ब्लीचने मुद्दाम नारिंगी केला, पेरॉक्साइडने शांत केला आणि त्यावर रंग लावून पाहिला. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, वाळवूनच निर्णय घ्यायचा. या मिश्रणाने कुर्ता जुळला. हातभर अंतरावरून डाग शोधावा लागतो. तिरप्या उन्हात मोठ्या ठिपक्याचा काठ थोडा फिका दिसतो, कारण तिथे रंग अर्धवट मोडलेला होता.

काळ्यावर हे जमतं कारण रंग काठाबाहेर गेला तरी दिसत नाही. फिक्या पिस्त्यावर किंवा गुलाबीवर असं करू नका. प्रत्येक डागाभोवती गडद वर्तुळ उठेल. तिथे झाकणंच बरं. आईच्या पिस्ता दुपट्ट्यावर पाच शिंतोडे आहेत, त्यांच्यावर मी साखळी टाक्याची पाच लहान पानं भरते आहे. त्याआधी कापड दोन बोटांत धरून हलकं ताणून पाहिलं. ब्लीच फक्त रंग नाही, सुताचा धागाही कमजोर करतं. चार ठिकाणी कापड घट्ट होतं. पाचव्या जागी सुई घातली तर धागे सरकले. तिथे मागून मऊ फ्यूजिंगचा तुकडा इस्त्रीने चिकटवून मग टाके घेतले, नाहीतर भरतकामाच्याच ताणाने तिथे छिद्र पडलं असतं. लोकर किंवा रेशीम असतं तर कदाचित धरायलाही काही उरलं नसतं. ब्लीच ते पिवळं करतं आणि विरघळवतंही.

तीन पानं झाली आहेत. चौथ्यासाठी गडद हिरवा दोरा संपला, उद्या सीताबर्डीला जाऊन आणते.